सोसायटीची टाकी, चेबिशेव्ह आणि मोटारीमागे सापडलेलं रजिस्टर

घोडबंदर रोडवर आमची १४४ फ्लॅटची सोसायटी आहे. पालिकेचं पाणी आणि टाकीतला साठा मिळून दिवसाला जास्तीत जास्त एक लाख लिटर पाणी आम्ही देऊ शकतो. वापर त्यापुढे गेला की टँकर मागवायचा. मागच्या एजीएमच्या आधी प्रश्न निघाला की नवी टाकी बांधायची का, आणि कमिटीत आकडेमोड कळणारा म्हणून तो माझ्या गळ्यात पडला.

रोजच्या वापराचं रजिस्टर पंपरूममध्ये असतं, पण जुनी कमिटी गेल्यावर त्याचा पत्ता लागेना. हातात होता फक्त त्यांचा एक पानी अहवाल. त्यात दोनच आकडे होते : वर्षभराची रोजची सरासरी ८० हजार लिटर आणि स्टँडर्ड डेव्हिएशन ८ हजार. सेक्रेटरी काका म्हणाले, "एवढ्यावर सांग, वर्षात किती दिवस लाखाच्या वर जाणार?"

नेमका आकडा एवढ्यावर सांगता येत नाही. पण "यापेक्षा जास्त दिवस नक्की नाहीत" असं सांगता येतं. कॉलेजात शिकलेली चेबिशेव्हची असमानता आठवली. ती मुळात बिएनेमेने १८५३ मध्ये मांडली आणि चेबिशेव्हने १८६७ मध्ये सिद्ध केली. बिचाऱ्या बिएनेमेचं नाव वर्गात कुणी घेतलं नव्हतं.

काकांना सूत्र न लिहिता समजावलं. प्रत्येक दिवशी वापर सरासरीपासून किती हजारांनी ढळला ते घ्या आणि त्याचा वर्ग करा. या वर्गांची वर्षभराची सरासरी म्हणजेच व्हेरियन्स, म्हणजे स्टँडर्ड डेव्हिएशनचा वर्ग, आपल्याकडे ८ गुणिले ८, म्हणजे ६४. आता ज्या दिवशी वापर एक लाखाला पोचला, त्या दिवशी फरक किमान २० हजार, म्हणजे वर्ग किमान ४००. असे दिवस खूप असते तर नुसत्या त्यांच्यामुळेच सरासरी ६४ च्या पुढे गेली असती. म्हणून त्यांचं प्रमाण ६४ भागिले ४००, म्हणजे १६ टक्क्यांपेक्षा जास्त असूच शकत नाही. वर्षाचे ५८ दिवस. रोजच्या आकड्यांची वाटणी कशी आहे, म्हणजे ते कसे विखुरलेत, एक दिवस दुसऱ्यावर अवलंबून आहे का, यातलं काहीच विचारावं लागत नाही.

पण या १६ टक्क्यांत वापर ६० हजारांवर उतरला तेही दिवस धरलेले असतात, कारण वर्ग केला की वरचं-खालचं कळत नाही. आम्हाला फक्त वरची बाजू हवी होती. तिच्यासाठी कँटेलीची एकतर्फी असमानता आहे. फरक स्टँडर्ड डेव्हिएशनच्या किती पट ते k मानलं, तर वरच्या शेपटीची, म्हणजे त्या पल्याडच्या दिवसांच्या प्रमाणाची, मर्यादा अशी :

```
1/(1+k^2)
k = 20/8 = 2.5
1/7.25 = 0.138
```

म्हणजे ५० दिवस. फार काही कमी झालं नाही. पंपवाला दादा तिथेच उभा होता. म्हणाला, "पन्नास दिवस टँकर? साहेब, मी तर पाच-दहा वेळाच फोन लावतो."

त्याचं बरोबर होतं, आणि माझंही चूक नव्हतं. तरी मी घाईच केली. शेपटी ५ टक्क्यांच्या आत ठेवायची असं ठरवून उलटा हिशेब केला : k म्हणजे १९ चं वर्गमूळ, साधारण ४.३६, म्हणून लागणारी क्षमता ८० अधिक ४.३६ गुणिले ८, जवळजवळ १ लाख १५ हजार लिटर. कमिटीला सांगून टाकलं की १५ हजारांची जास्तीची टाकी लागेल. काकांनी कोटेशनही मागवलं.

आठवड्याने रजिस्टर सापडलं. मोटारीच्या स्टार्टर पॅनेलमागे, एका कोपऱ्याला ओल लागलेलं. रोज सकाळी सहाचं मीटर रीडिंग, ३६५ ओळी. दोन संध्याकाळी बसून शीटमध्ये चढवलं.

```
=AVERAGE(B2:B366)
=VAR.P(B2:B366)
=COUNTIF(B2:B366,">=100")
```

सरासरी ८०, व्हेरियन्स ६४ च्या आसपास, म्हणजे अहवाल खरा होता. तिसऱ्या ओळीचं उत्तर आलं ९. पन्नासची मर्यादा आणि प्रत्यक्षात नऊ. आणि ५ टक्क्यांसाठी मला १ लाख १५ हजार लागत होते, तर रजिस्टरमध्ये ९५ हजारांच्या वर जाणारे दिवसच अठरा.

मग वाटलं, सरळ घंटेच्या आकाराची नॉर्मल वाटणी धरली असती तर? नॉर्मलमध्ये अडीच पट पुढची शेपटी ०.६२ टक्के असते, म्हणजे वर्षाला दोन-तीन दिवस. तेही चुकलं, आणि धोक्याच्या बाजूने चुकलं. खरी शेपटी नॉर्मलपेक्षा जाड होती. नऊपैकी दोन दिवस गणपतीतले, दोन हिवाळ्यात पाणीकपातीच्या आदल्या दिवशीचे (सूचना आली की घरोघरी पिंप भरतात) आणि पाच एप्रिल-मेमधले.

असमानता इतकी ढिली का, ते तिच्या सर्वात वाईट प्रकारात दिसतं. कँटेलीची मर्यादा तंतोतंत गाठणारी एकच वाटणी आहे : सव्वासात दिवसांतून एकदा वापर नेमका १ लाख आणि बाकी सगळे दिवस नेमका ७६.८ हजार. सरासरी काढून बघा, ८० च येते, व्हेरियन्स ६४ च. म्हणजे सहा दिवस सगळ्यांनी थेंब न थेंब सारखा वापरायचा आणि रविवारी १४४ घरांनी एकदम गाद्या-पडदे धुवायला काढायचे. असली सोसायटी नसते, पण नुसत्या दोन आकड्यांना ती आणि आमची वेगळी ओळखता येत नाही. म्हणून मर्यादेला तिचीही सोय बघावी लागते.

थोडं जास्त माहीत असेल तर मर्यादा आवळता येते. वाटणीला एकच उंचवटा आहे एवढं मानलं, तर चेबिशेव्हचे १६ टक्के नऊचतुर्थांशाने भागता येतात, मग ७.१ टक्के, म्हणजे २६ दिवस उरतात. आमचा हिस्टोग्राम काढला तर मोठा उंचवटा ७८ जवळ होता, पण ८८ जवळ दुसरा बारीकसा खांदा दिसत होता. त्यामुळे ही सवलत मी घेतली नाही.

तो खांदा उन्हाळ्याचा होता, आणि माझी खरी चूक तिथे होती. वर्षाची सरासरी वापरून काढलेली मर्यादा वर्षातून चिठ्ठी टाकून उचललेल्या एका दिवसाबद्दल असते, ठरवून घेतलेल्या मे महिन्यातल्या दिवसाबद्दल नसते. एप्रिल-मेचे ६१ दिवस वेगळे काढले तर सरासरी ८८ आणि डेव्हिएशन ७. मग k जेमतेम १.७१ आणि मर्यादा २५ टक्के, म्हणजे १५ दिवस. प्रत्यक्षात पाच. ढिलाई तिथेही तिप्पट होतीच, पण टँकर लागतो कधी ते कळलं.

एजीएममध्ये मी उभं राहून आधीचा १५ हजारांचा आकडा मागे घेतला. काकांनी कोटेशन फाडलं नाही, फाइलला लावून ठेवलं. टाकी रद्द, आणि एप्रिल-मेमध्ये पाणीकपातीची सूचना आली की आदल्या दिवशीच टँकरवाल्याला सांगून ठेवायचं ठरलं. पंपवाल्या दादाला मी फक्त एक काम दिलंय : दर महिन्याच्या एक तारखेला रजिस्टरच्या पानाचा फोटो मला पाठवायचा.