आमची वाटचाल: तक्रार ऐकायची, पण कोणाची ते कळू द्यायचं नाही

नाशिकच्या अंबड वसाहतीत एका भाड्याच्या गाळ्यात दोन पॉवर प्रेस टाकून मी आणि माझ्या भावाने सुरुवात केली, तेव्हा तक्रार निवारण वगैरे शब्द आमच्या गावीही नव्हते. कोणाची उचल बाकी आहे, कोणाची आई आजारी आहे, सगळं ठाऊक असायचं. आज कायम आणि ठेकेदाराकडचे मिळून अडीचशेच्या आसपास माणसं आहेत. मधे सुपरवायझरांची एक फळी उभी राहिली आहे, आणि कामगाराचं बरंवाईट रोजच्या रोज ठरतं ते तिच्या हातात. ओव्हरटाइम म्हणजे ओटी कोणाला, रजा कोणाला, जड डाय असलेल्या प्रेसवर कोण, हे मला विचारून होत नाही, आणि होऊही नये.

तक्रारपेटी होतीच. टाइम ऑफिसच्या भिंतीवर, वर कॅमेरा, किल्ली एचआरकडे. तिच्यात कागद पडला नाही यात नवल कसलं! कायद्याप्रमाणे तक्रार निवारण समितीही होती. वीस किंवा अधिक कामगार असले की ती लागतेच. २१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता लागू झाली, तिच्यातही ती आहे: दोन्ही बाजूंचे सारखे सदस्य, एकूण जास्तीत जास्त दहा, अध्यक्षपद आलटून पालटून, निकाल तीस दिवसांत. पण समितीपुढे नाव घेऊन जावं लागतं. ठेकेदाराचा माणूस तिथवर पोचायच्या आत त्याचं गेट बंद होऊ शकतं.

म्हणून समितीच्या अलीकडे आम्ही एक पायरी घातली. कामगार खात्यातून निवृत्त झालेल्या एक बाई आहेत, सगळे त्यांना ताई म्हणतात. त्यांचा फोन त्यांचा स्वतःचा, नोंदवही त्यांच्या घरी. मानधन वर्षाचं एकदम आगाऊ देतो, आणि समितीतल्या कामगार सदस्यांची सही असल्याशिवाय त्यांना काढता येत नाही, असं करारातच लिहिलं आहे. मालकाचं मीठ खाणारी बाई, असं लोक म्हणणारच. निदान महिन्याच्या महिन्याला खाऊ घालणं आमच्या हातात ठेवलेलं नाही.

ताईंनी पहिल्याच बैठकीत एक गोष्ट आमच्या गळी उतरवली. निनावी तक्रार वेगळी आणि गोपनीय तक्रार वेगळी. निनावी चिठ्ठीवर उलट प्रश्न विचारता येत नाही, पुढे त्या माणसाला त्रास झाला का हेही कळत नाही. गोपनीय तक्रारीत नाव ताईंना माहीत असतं, मला नसतं. पण नाव झाकलं म्हणजे माणूस झाकला जातो असं नाही. तक्रारीतला मजकूरच पुष्कळदा त्याचा पत्ता सांगतो.

हे नेमकं कसं, ते एका प्रकरणावरून सांगते. संबंधितांची परवानगी घेऊन आणि खुणा बदलून.

प्रेस शॉपमधल्या ठेकेदाराकडच्या एका ऑपरेटरने ताईंना फोन केला. सुपरवायझर भिशी चालवतो. भिशीत नाव नसेल त्याला रविवारचा ओटी मिळत नाही. हा नुकताच भिशीतून बाहेर पडला होता. आता आम्ही दुसऱ्याच दिवशी ‘भिशीचं काय आहे?’ असं विचारलं असतं, तर बोट सरळ त्याच्याकडे गेलं असतं. ताईंचा पहिला प्रश्न तक्रारीबद्दल नव्हताच. ‘हे आणखी कोणाला बोललात?’ असं त्यांनी विचारलं. बाहेर पडताना याने चारचौघांत तोंड सोडलेलं असतं, तर आम्ही कितीही गुप्तता पाळली तरी संशय त्याच्यावरच आला असता, आणि मग सगळी आखणी वेगळी करावी लागली असती. त्याने फक्त भावाला सांगितलं होतं.

मग ताईंनी थांबायचं ठरवलं, त्याला विचारून. ठेकेदाराची बिलं आम्ही दर तिमाहीला मस्टरशी ताडून बघतो. ती वेळ येईपर्यंत तीन आठवडे काही हालचाल केली नाही. मग प्रेस शॉप, टूल रूम आणि पेंट शॉप, तिन्हींचे सहा महिन्यांचे ओटी रजिस्टर मागवले. एकाच खात्याचं मागवलं असतं तर तीच खूण ठरली असती. बाकी दोन खात्यांत रविवारची नावं फिरती होती. प्रेस शॉपमध्ये चाळीसेक ऑपरेटरांपैकी तीच ती नऊ नावं परत परत. ओटीला दुप्पट दराने पैसे मिळतात, त्यामुळे महिनाअखेरीला हा फरक घरात जाणवण्याइतका होतो.

आता बोलायला कागद होता, माणूस पुढे करायची गरज उरली नाही. सुपरवायझरला रजिस्टर दाखवून विचारलं. ‘जे नक्की येतात त्यांनाच बोलावतो मॅडम,’ असं उत्तर आलं. ओटीवाटपाबद्दल त्याला लेखी ताकीद दिली. भिशीबद्दल मात्र काही करता आलं नाही. त्यासाठी आरोपपत्र देऊन चौकशी बसवावी लागते, आणि तिथे आरोप असलेल्याला साक्षीदाराची उलटतपासणी घेण्याचा हक्क असतो. हे ताईंनी त्या ऑपरेटरला आधीच स्पष्ट सांगितलं होतं: भिशी सिद्ध करायची तर तुम्हाला समोर उभं राहावं लागेल. तो नाही म्हणाला, आम्ही तिथे थांबलो. गोपनीयतेची हद्द कुठे संपते हे तक्रार घेतानाच सांगितलं नाही, तर शेवटी फसवणूकच होते.

नियम मात्र तिन्ही खात्यांसाठी बदलले. रविवारची यादी टाइम ऑफिस पाळीने लावतं, गुरुवारी फलकावर येते, ज्याला यायचं नाही तो सही करून नकार देतो. आणि पाळी, रजा किंवा ओटी ठरवणाऱ्याने हाताखालच्या माणसांशी भिशी किंवा उसनवारी करायची नाही. फलकावर ‘आलेल्या तक्रारीनुसार’ असे शब्द कुठेही लिहिले नाहीत.

एवढ्यावर प्रकरण मिटत नाही. सूड उघडपणे कोणी उगवत नाही. रजा अडते, सलग तिसरी पाळी लागते, जड प्रेस वाट्याला येतो. म्हणून सगळ्या कारखान्याचा पाळीतक्ता दर महिन्याला ताईंकडे जातो. एकाच माणसाबद्दल विचारणा झाली असं कधी दिसत नाही. दुसऱ्या महिन्यात त्यांच्या लक्षात आलं, की दर आठवड्याला पाळ्या फिरत असताना तीन नावं रात्रीलाच अडकली आहेत. त्यातलं तक्रारदाराचं कोणतं, किंवा त्यात ते होतं का, मला आजही माहीत नाही. पाळीतक्ता सुपरवायझरकडून काढून टाइम ऑफिसकडे दिला, एवढंच मी केलं.

लैंगिक छळाची तक्रार मात्र ताई स्वतःकडे ठेवत नाहीत. ती २०१३च्या कायद्याखालच्या अंतर्गत समितीकडेच जाते. तिथे तक्रारीची प्रत समोरच्याला द्यावीच लागते, पण नाव बाहेर फोडलं तर दंड होतो. बोलणाऱ्या बाईला हे आधी समजावून सांगणं हे ताईंचं काम.

लोक विश्वास ठेवू लागलेत हे कशावरून ओळखायचं? तक्रारी कमी झाल्यावरून तर नाहीच. सुरुवातीचे फोन होते गळक्या नळाचे आणि फाटक्या हातमोज्यांचे. लोक आम्हाला जोखत होते. नळ दुरुस्त झाला, कोणी कोणाला काही विचारलं नाही, मग पैशाच्या तक्रारी आल्या. ठेकेदाराकडच्या माणसांचे फोन सर्वांत शेवटी आले. आणि ज्या दिवशी एका सुपरवायझरने ताईंना फोन करून प्रॉडक्शन मॅनेजरच्या शिवीगाळीबद्दल सांगितलं, त्यानंतर त्या फळीतली कुरकुर बरीच निवळली. तोवर त्यांना हे सगळं आपल्याविरुद्धच रचलंय असं वाटत होतं.

एक गाठ अजून नीट सुटलेली नाही. आम्ही दोघं भावंडंच संचालक. माझ्याविरुद्ध तक्रार आली तर ती भावाकडे जाते, त्याच्याविरुद्धची माझ्याकडे, आणि दोन्ही वेळा समितीतला एक कामगार सदस्य आणि आमचे बाहेरचे वकील सोबत बसतात, असं कलम लिहून ठेवलं आहे. ते वापरायची वेळ अजून आलेली नाही. ताईंचं म्हणणं, बहिणीने भावाची चौकशी करायची हे कामगाराला पटणार नाही, आम्हा दोघांनाही यातून बाहेर ठेवा. भाऊ अजून तयार नाही. पुढच्या करारनाम्याच्या वेळी ताई तो मुद्दा पुन्हा काढणार आहेत.