सत्ताविसाव्या सेकंदाचा श्वास

एजन्सीचा फोन आला तेव्हा जाहिरात जवळजवळ तयार होती. आमच्या धंद्यात हे नेहमीचंच. एडिटर कापाकापी करताना आपल्या आवडीचं गाणं खाली टाकतो, क्लायंटला ते तसंच दाखवतात, क्लायंट हळवा होतो, आणि मग कोणाला तरी आठवतं की गाण्याची परवानगी घ्यायची राहिली. तो ‘कोणीतरी’ मला फोन करतो. वागळे इस्टेटमध्ये एका छापखान्याच्या वरच्या मजल्यावर माझं ऑफिस आहे. जाहिराती आणि सिनेमांसाठी गाण्यांचे परवाने मिळवून द्यायचे, हे माझं काम.

या वेळी गाणं ठाण्यातल्याच चौघांचं निघालं. २००७ सालचं, मराठी रॉक म्हटलं की लोक हसायचे त्या दिवसांतलं. उपवनच्या तळ्याकाठी एका कार्यक्रमात मी ते भर पावसात, ओल्या चपला हातात धरून ऐकलं होतं. म्हणजे मी काही तटस्थ नव्हते, हे आधीच सांगून टाकते. बँडचं, गाण्याचं, एजन्सीचं, कोणाचंच नाव मी इथे लिहिणार नाही.

गाण्याचं धृपद आहे ‘चल घरी, दिवे लागले’. जाहिरात होती घोडबंदर रोडवरच्या एका गृहसंकुलाची. तरुण जोडपं, हातात किल्ली, एकविसाव्या मजल्यावरची बाल्कनी, आणि मागून ‘चल घरी, दिवे लागले’. ज्याला हे सुचलं त्याला दाद द्यायला हवी. फक्त, ज्यांनी गाणं पूर्ण ऐकलंय त्यांना माहीत आहे की धृपदाला लागूनच पुढची ओळ येते : ‘टेकडीच्या पोटात आता गाड्या झोपतात’. घरी चल म्हणून हाक मारणारी आई टेकडीवर खेळणाऱ्या पोरांना हाक मारते आहे, आणि ती टेकडी आता राहिलेली नाही.

आधी कागद. कुठल्याही गाण्याला दोन कुलुपं असतात. एक रचनेचं, म्हणजे शब्द आणि चाल. ते चित्राला जोडायचा जो परवाना, त्याला आम्ही सिंक म्हणतो. दुसरं कुलूप त्या विशिष्ट रेकॉर्डिंगचं, मास्टरचं. दोन्ही उघडली तरच ते मूळ गाणं, त्या आवाजात, जाहिरातीत वाजू शकतं. फक्त रचनेचं उघडलं तर फार तर नव्याने गाऊन घेता येतं. रचना चौघांच्या नावावर होती, तिथे प्रश्न नव्हता. मास्टरचा होता. सीडीच्या वेष्टनावर एका छोट्या कॅसेट कंपनीचं नाव छापलेलं होतं, आणि ती कंपनी केव्हाच बंद पडली होती. तिच्या मालकाच्या मुलाला मी वाशीत गाठलं. त्याने प्लास्टिकच्या पिशवीतून एक पिवळं पडलेलं पान काढून दिलं. पानभर मजकूर, चार सह्या, ‘सर्व हक्क देत आहोत’, तारीख नोव्हेंबर २००७. मुदत कुठेच लिहिलेली नव्हती.

ते पान वाचून मी त्याच्यासमोरच हसले, तो दचकला. आपल्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १९ मध्ये स्पष्ट आहे की हक्क देताना मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरायची, आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता. म्हणजे ‘सर्व हक्क’ २०१२ सालीच संपले होते. मास्टरही आपसूक चौघांकडे परत आलं होतं आणि चौघांना त्याचा पत्ता नव्हता.

ही बातमी मी आनंदाने सांगितली. आता वाटतं, तिथेच गाणं अडकलं. कारण तोवर प्रत्येकाच्या मनात एक पळवाट होती, की कंपनीने विकलं तर आपण काय करणार! क्रीडन्स क्लिअरवॉटर रिव्हायव्हल या अमेरिकन बँडच्या जॉन फोगर्टीला निदान तेवढं तरी म्हणता आलं. १९६९ च्या त्याच्या ‘फॉर्च्युनेट सन’ या गाण्यात बड्या बापांची पोरं झेंडे फडकवतात आणि व्हिएतनामला मात्र दुसऱ्यांची पोरं जातात, असा सगळा राग आहे. एका जीन्सच्या जाहिरातीने त्यातल्या झेंड्याच्याच ओळी उचलल्या आणि रागाच्या ओळी लागायच्या आत गाणं कापलं. देशप्रेमाचं गाणं तयार! फोगर्टीला ते आवडलं नव्हतं, पण हक्क त्याच्या हातात नव्हते. आमच्या चौघांच्या हातात सगळंच होतं.

बुधवारी दुपारी तीन वाजता ते माझ्याकडे जमले. गायक (शब्दही त्याचेच), गिटारवाला आणि ड्रमर समोर, बासवाला पुण्याहून व्हिडिओ कॉलवर. सगळे चाळिशी ओलांडलेले. रक्कम मी आधीच फोडून सांगितली होती : आठ लाख, त्यातले चार रचनेचे, चार मास्टरचे. मुदत एक वर्ष, प्रदेश भारत, टीव्ही आणि इंटरनेट, आणि त्या वर्षात दुसऱ्या कुठल्या बिल्डरला गाणं द्यायचं नाही. सगळं चौघांतच वाटायचं, म्हणजे माणशी दोन लाख.

“मी सही करतोय,” गिटारवाला बसायच्या आधीच म्हणाला. “माझ्या फ्लॅटचा हप्ता कोण भरतो? चाहते?”

“फ्लॅट कुठे घेतलास रे तू?” ड्रमरने विचारलं.

“मानपाड्याला.”

“हां. टेकडीच्या पोटात.”

सगळे हसले, गिटारवालासुद्धा. वातावरण चांगलं होतं. मी मुद्दामच सहीआधी कट ऐकवते. पुष्कळ लोक ऐकवत नाहीत, पण नंतरच्या कटकटीपेक्षा आधीची बरी. स्पीकरवर तीस सेकंद लावले. गिटार, किल्ली, बाल्कनी, धृपद. मग निवेदकाचा आवाज : ‘दोन आणि तीन बीएचके, आजच भेट द्या.’

“परत लाव,” गायक म्हणाला. मी लावलं. “सत्तावीसवर थांबव.”

सत्ताविसाव्या सेकंदाला, धृपद संपून निवेदक सुरू व्हायच्या मधल्या फटीत, त्याचा श्वास ऐकू येत होता. छोटासा, तोंडाने आत घेतलेला. एडिटरने तो ठेवला होता, कारण त्याने गाणं जिवंत वाटतं.

“हा श्वास पुढच्या ओळीचा आहे,” तो म्हणाला. “टेकडीच्या ओळीसाठी घेतलेला. आणि त्यावर हा माणूस बीएचके बोलतोय.”

मी एवढी वर्षं हे काम करते आहे. गाणं विकलं की चाहते का चिडतात, यावर मी एजन्सीच्या लोकांशी पुष्कळ वाद घातलेत. ते म्हणतात, भाबडे असतात, कलाकाराने उपाशी राहावं अशी अपेक्षा करतात. मला ते पटत नाही. मराठी माणूस गायकाला कार्यक्रमाचे पैसे देतो, सीडी घेतो, पैसे मिळवल्याचा राग धरत नाही. ऐकणाऱ्याने त्या श्वासानंतरच्या ओळीवर स्वतःचं काहीतरी ठेवलेलं असतं, कोणी गेलेलं माणूस, कोणी सुटलेलं घर. जाहिरात तिथे वस्तू आणून ठेवते, आणि एका सीझनमध्ये इतक्या वेळा ठेवते की नंतर मूळ गाणं लावलं तरी बाल्कनीच दिसते. सिनेमात तेच गाणं वापरलं तर लोक एवढे बिथरत नाहीत. खरं तर सिनेमा हक्क जास्त मागतो. तयार सिनेमा परत बोलावता येत नाही म्हणून तो कायमचा, जगभरचा परवाना घेतो, आणि जाहिरात जेमतेम वर्षाचा. पण सिनेमात ते गाणं कुणाच्या तरी दुःखासाठी वाजतं. ऐकणारा तिथे जागा करून देतो.

गायकाने अट घातली : पुढची ओळ ठेवा, मी सही करतो. मी तिथूनच एजन्सीला फोन लावला. पलीकडची मुलगी हुशार होती, तिने मला ओळ म्हणायला सांगितली. मी म्हटली. ती दोन क्षण गप्प राहिली आणि म्हणाली, “मॅडम, प्रोजेक्टला तीन मजली पोडियम पार्किंग आहे.”

तिथे विषय संपला. मग गिटारवाला चिडला, आणि त्याचं चिडणंही खोटं नव्हतं. तीन विरुद्ध एक असताना एकट्याने कसं अडवायचं? पण इथे बहुमत चालत नाही. सगळ्या सहमालकांची संमती नसेल तर परवाना द्यायचा नाही, हे मुंबई उच्च न्यायालयानेही सांगितलेलं आहे. मी त्यांना द डोअर्स या अमेरिकन बँडची गोष्ट सांगितली. १९६८ साली त्यांचा गायक जिम मॉरिसन परगावी असताना बाकी तिघांनी एका मोटार कंपनीला गाणं द्यायला होकार दिला आणि परतल्यावर तो भडकला. पुढे कितीतरी वर्षांनी, मॉरिसन जाऊन जमाना लोटल्यावर, कॅडिलॅकचा दीड कोटी डॉलरचा प्रस्ताव आला तेव्हा एकट्या ड्रमरने, जॉन डेन्समोरने, तो अडवला.

“दीड कोटी डॉलर,” आमचा ड्रमर म्हणाला. “आपण दोन लाखांवर भांडतोय.”

पुण्याच्या बासवाल्याने कॅमेरा बंद केला. सही झाली नाही. जाताना गिटारवाला माझ्याशी बोलला, गायकाशी नाही.

एजन्सीला मी लेखी नकार कळवला आणि शेवटी एक ओळ घातली : मिळतंजुळतं गाणं करून घेऊ नका. हे मी नेहमी घालते. अमेरिकेत एका चिप्सच्या कंपनीने जाहिरातींच्या विरोधात असलेल्या टॉम वेट्स या गायकासारखा घोगरा गाणारा माणूस आणला होता, आणि कोर्टात वीस लाखांहून जास्त डॉलर भरले होते. आपल्याकडे एवढं सरळ नाही. चाल उचलली तर धरता येतं, पण ठेका, गिटारचा पोत, गायची ढब, यावर कोणाची मालकी नसते.

दोन महिन्यांनी जाहिरात आली. तोच ठेका, तशीच गिटार, धृपदाच्या जागी ‘ये घरी, उजेड झाला’. चालीत दोन-तीन स्वर इकडचे तिकडे. मी माझ्या वकिलाला ऐकवली. तो म्हणाला, लढता येईल, पण वेळ आणि पैसा तुमचा जाईल.

आणि शिव्या बँडला पडल्या. लोकांना वाटलं त्यांनीच विकलं, वर शब्द बदलून गायलं. गायकाने मला निरोपांचे स्क्रीनशॉट पाठवले. एकाने लिहिलं होतं, ‘बाबा गेले त्या रात्री हे लावून येऊरच्या फाटकापर्यंत चालत गेलो होतो. किती मिळाले, दादा?’

त्याला उत्तर दिलंस का, मी विचारलं. दिलं, म्हणाला. ते आमचं नाही, आम्ही नकार दिला, सगळं लिहिलं. त्यावर उत्तर आलं, ‘मग इतकं सारखं कसं?’

त्या रात्री मी नवी जाहिरात हेडफोनवर लावून सत्ताविसाव्या सेकंदाला थांबवली. नव्या गायकाचा श्वास एडिटरने साफ काढून टाकला होता. मी गायकाला तेवढंच कळवलं. गिटारवाल्याला काय कळवावं, ते मला सुचलं नाही.