त्याच ओळीतले पुढचे दोन रकाने

गेल्या उन्हाळ्यात, बडोद्याला दांडिया बाजारातल्या आमच्या घरी, वैद्यकीय महाविद्यालयातली एक पदव्युत्तर विद्यार्थिनी प्रबंधाचे निकालांचे प्रकरण दाखवायला आली. सांख्यिकी शिकवून निवृत्त झाल्यापासून मी अशी प्रकरणे वाचून देतो. रक्तदाबाच्या जुन्या आणि नव्या गोळीची तुलना तिने केली होती, आणि प्रकरणात दोनच ठळक वाक्ये होती: सर्व रुग्णांत नवी गोळी लक्षणीयरीत्या सरस, पी-मूल्य ०.००३; मूत्रपिंडविकाराच्या रुग्णांत फरक नाही, पी-मूल्य ०.०८. पी-मूल्य म्हणजे खरा फरक नसतानाही एवढा किंवा याहून मोठा फरक निव्वळ योगायोगाने दिसण्याची शक्यता; ती ०.०५ च्या खाली गेली की फरकाला ‘लक्षणीय’ म्हणायचा प्रघात आहे.

"फरक किती मिलिमीटरचा?" मी विचारले.

"सर, ते मार्गदर्शकांनी मागितलं नव्हतं."

तिने एसपीएसएस या सांख्यिकी सॉफ्टवेअरचा तक्ता उघडला. फरक आणि त्याचा ९५ टक्के विश्वास अंतराल, म्हणजे आकड्यांशी जुळणाऱ्या फरकांचा पट्टा, पी-मूल्याच्याच ओळीत, थोडे उजवीकडे, छापलेले होते; तिने फक्त पी-मूल्याचा रकाना उतरवला होता. पहिल्या तुलनेत प्रत्येक गटात १,८०० रुग्ण होते, वरच्या रक्तदाबाचे प्रमाण विचलन, म्हणजे रुग्णारुग्णांतला चढउतार, १२ मिलिमीटर होते आणि नव्या गोळीने मिळालेली जादा घट होती अवघी १.२, अंतराल ०.४ ते २.० मिलिमीटर. प्रमाण विचलनाच्या मापात हा परिणाम ०.१ भरतो, पण डॉक्टरला मिलिमीटर कळतात, म्हणून तोच आकडा आधी लिहावा असे माझे मत आहे.

दुसऱ्या तुलनेत दोन्हीकडे केवळ २५ रुग्ण, विचलन तेवढेच, आणि फरक मात्र ६ मिलिमीटर. अंतराल उणे ०.८ ते १२.८.

मी तिला विचारले, गोळी बदलावी असे वाटायला किमान किती घट हवी? तिने मार्गदर्शकांना फोन केला. ते म्हणाले, पाच. (हा आकडा अभ्यास सुरू होण्याआधी ठरायला हवा होता, हे मी तिला सांगितले.) आता दोन्ही वाक्ये उलटली. पहिला अंतराल पूर्णपणे पाचाच्या खाली असल्याने, फरक शून्य नसला तरी तो उपचार बदलण्याइतका नाही, हे बऱ्याच खात्रीने म्हणता येत होते. दुसऱ्यात शून्यही बसत होते आणि बाराही. म्हणजे ‘फरक नाही’ असे सिद्ध झालेले नव्हते, रुग्ण अपुरे होते एवढेच दिसत होते. त्यातही हा उपगट आकडे हाती आल्यावर निवडलेला, त्यामुळे सहाच्या आकड्यावर भिस्त ठेवणेही धोक्याचे होते.

घाईत तिने प्रत्येक गटाच्या सरासरीचा वेगवेगळा अंतराल लिहायला घेतला. मी थांबवले, कारण असे दोन अंतराल एकमेकांवर चढले तरी फरक लक्षणीय असू शकतो. तुलनेत फरकाचाच अंतराल द्यायचा असतो.

संध्याकाळी तिने पहिले वाक्य असे लिहिले: "नव्या गोळीने सरासरी १.२ मिलिमीटर अधिक घट झाली (९५ टक्के विश्वास अंतराल ०.४ ते २.०, पी-मूल्य ०.००३); ही घट ठरवलेल्या ५ मिलिमीटरपेक्षा कमी आहे." प्रबंधाच्या शीर्षकातला ‘सरस’ हा शब्द तिने स्वतःहून खोडला, मार्गदर्शकांना ते फारसे रुचले नसावे, पण त्यांनी सही केली.