होल्डिंग कॉन्टॅक्ट घ्यायचा कुठून? कूलंट पंपाच्या लॅडरचा माझा अनुभव

आमच्या शॉपमधल्या एका मशीनचा कूलंट पंप साध्या डीओएल स्टार्टरवर चालायचा. मशीनला पीएलसी बसल्यावर पंपाचं स्टार्ट-स्टॉपही त्यात घ्यायचं काम माझ्याकडे आलं. ओव्हरलोड रिलेचा ९५-९६ आणि इमर्जन्सी बटण मात्र मी कॉइलच्या वायरीतच सिरीजमध्ये राहू दिलं. इमर्जन्सी नुसत्या प्रोग्रामच्या भरवशावर सोडायची नसते.

```
    I0.0       I0.1      Q0.0
|--+--| |--+---| |-------( )--|
   |  I0.3 |
   +--| |--+
```

I0.0 स्टार्ट, I0.1 स्टॉप, I0.3 म्हणजे कॉन्टॅक्टरचा १३-१४ हा ऑक्झिलरी, आणि Q0.0 वर कॉइल.

पहिली हरकत वायरमनदादांची. "साहेब, स्टॉप एनसी असतो ना? मग यावर तिरकी रेघ का नाही?" बटण एनसीच आहे, म्हणूनच नाही. ते दाबलेलं नसताना इनपुटला २४ व्होल्ट मिळतात, बिट १ असतो आणि साधा कॉन्टॅक्ट वाट देतो. तिरकी रेघ दिली असती, तर स्टॉप दाबून धरल्याशिवाय पंप सुरूच झाला नसता. एनसी जोडण्याचा फायदा असा, की वायर तुटली किंवा टर्मिनल सैल झालं तरी बिट शून्य होतो आणि पंप थांबतो.

खरा प्रश्न होल्डिंगचा होता. बरेच जण खालच्या फांदीत Q0.0 च टाकतात. एक इनपुट आणि एक वायर वाचते, आणि पंप रोज व्यवस्थित चालतोही. फरक ट्रिपच्या वेळी कळतो. दादांना तो दाखवायला मी पॉवरचे फ्यूज काढले, म्हणजे मोटर फिरणार नाही, आणि I0.3 च्या जागी Q0.0 टाकला. स्टार्ट दाबलं, कॉन्टॅक्टर ओढला गेला. मग ओव्हरलोडचं टेस्ट बटण दाबलं. कॉन्टॅक्टर पडला, पण पीएलसीला त्याचा पत्ताच नाही, स्क्रीनवर Q0.0 हिरवाच. ओव्हरलोड रीसेट केला आणि स्टार्टला कोणी हात न लावता कॉन्टॅक्टर खाडकन आत गेला. त्या वेळी पंपापाशी कोणी काम करत असतं तर? इमर्जन्सी सोडतानाही हेच झालं असतं.

पुन्हा I0.3 टाकून तोच प्रयोग केला. कॉन्टॅक्टर पडताच १३-१४ उघडला, I0.3 शून्य झाला आणि Q0.0 ही गेला. रीसेटनंतर सगळं शांत; स्टार्ट दाबल्यावरच पुढचं.

याची एक किंमत आहे. कॉन्टॅक्टर ओढला जाऊन I0.3 येईपर्यंत स्टार्ट दाबलेलं असावं लागतं. बोटाने दाबताना तेवढा वेळ सहज मिळतो. पण पंप स्टार्ट दाबलेलं असेपर्यंतच चालत असेल, तर प्रोग्राम उघडण्याआधी इनपुट कार्डावरचा I0.3 चा दिवा बघा. कॉन्टॅक्टर आत असूनही तो लागत नसेल, तर ऑक्झिलरी ब्लॉक नाहीतर त्याची वायर तपासा.