प्रगती नोंद: उतारावरचे दिवे, हिरवे आणि पिवळे

मागच्या नोंदीनंतर बराच काळ एकाच कोड्यावर गेला. पारोड्याच्या चंद्रनाथ डोंगरावर जाताना तीव्र वळणावर गाडी घसरताना सावरणाऱ्या ईएससीचा, ब्रेक लावताना चाकं जाम होऊ न देणाऱ्या एबीएसचा आणि उतार-नियंत्रणाचा म्हणजे एचडीसीचा, असे तीन पिवळे दिवे एकदम पेटायचे. दुसऱ्या दिवशी गाडी चालू केली की सगळे गायब. आता कारण सापडलंय, म्हणून सविस्तर लिहितोय.

आधी दिवे ठीक असताना काय दाखवतात ते. माझ्या गाडीत एचडीसीचं बटण दाबलं की हिरवा दिवा स्थिर पेटतो. म्हणजे यंत्रणा तयार आहे, पण अजून काम करत नाही. उतारावर पाय ब्रेकवरून काढला आणि तिने स्वतः ब्रेक धरला की तोच दिवा लुकलुकतो, एबीएसचा पंप गर्र करतो आणि मागचे ब्रेक दिवेही पेटतात. पहिल्यांदा ऐकणारा त्या आवाजाने दचकतोच. मात्र सगळ्या गाड्यांची रीत एक नाही. काहींत लुकलुकणं म्हणजे 'बटण दाबलंय, पण वेग किंवा गिअर जुळत नाही'. तेव्हा आपल्या गाडीची पुस्तिका उघडावी. मित्राच्या गाडीवरून अंदाज बांधू नये.

हिल होल्डचं वेगळंच. बहुतेक गाड्यांत तो काम करत असताना काहीच पेटत नाही. चढावर ब्रेक सोडल्यावर साधारण दोन सेकंद गाडी जागची हलत नाही, हीच त्याची खूण. म्हणून तो बिघडला की कळतो दोनच प्रकारे: ईएससीचा पिवळा दिवा पेटतो, किंवा ब्रेक सोडताक्षणी गाडी मागे सरकते. पणजीत आल्तिनोच्या चढावर, मागे स्कूटर चिकटून उभी असताना हे कळणं बरं नव्हे. मी रिकाम्या चढावर पाहतो: पहिला गिअर, क्लच पूर्ण दाबलेला, ब्रेक घट्ट दाबून सोडायचा, पाय मात्र पेडलच्या वर तयार.

आता पिवळा. एकटा एचडीसीचा दिवा लांब उतारानंतर पिवळा झाला, तर बहुधा ब्रेक तापलेत. यासाठी पॅडमध्ये सहसा तापमापक नसतो. किती वेळ, किती दाबाने ब्रेक लागला यावरून कंट्रोल युनिट गणित मांडतं. थांबून गार होऊ दिलं की दिवा आपोआप जातो. म्हणूनच चोर्ला घाटासारख्या वाहत्या रस्त्यावर मी एचडीसी वापरत नाही, तिथे दुसरा गिअरच योग्य. पण एबीएस आणि ईएससी सोबतीला पेटले, तर ब्रेक तापल्याचा प्रश्न नाही. या यंत्रणा चाकांच्या वेगाचे तेच सेन्सर आणि तेच हायड्रॉलिक युनिट वापरतात. एक सेन्सर गेला की सगळ्याच माघार घेतात. साधा ब्रेक मात्र चालतो. लाल ब्रेक दिवाही पेटला असेल तर गाडी तिथेच थांबवायची.

माझ्याकडचा स्वस्त स्कॅनर फक्त इंजिनचे कोड वाचतो, म्हणून एबीएस वाचणारा उसना आणला. कोड निघाला C0035, पुढच्या डाव्या चाकाचा सेन्सर. ओळखीचा मेकॅनिक म्हणाला, "अरे, डोंगरावर पेटतो ना? मग चढाचा सेन्सर बघ." मला ते पटेना. डोंगर हे कारण असतं तर सरळ चढावरही दिवा पेटायला हवा होता, आणि पेटत होता फक्त वळणावर. मग सपाट मैदानात स्टिअरिंग पूर्ण डावीकडे वळवून १० किमीच्या वेगाने चकरा मारल्या, शेजारी भावाने स्क्रीन धरली. तीन चाकं आपापला वेग दाखवत होती आणि डावं पुढचं अचानक ०. स्टिअरिंग सरळ केलं, आकडा परत आला. दिवे मात्र पेटलेलेच राहिले, कारण कंट्रोल युनिट दोष लक्षात ठेवतं आणि इग्निशन पुन्हा चालू झाल्यावरच नव्याने तपासतं. सकाळी गायब होण्याचं रहस्य एवढंच.

चाक काढल्यावर शॉक अब्जॉर्बरच्या क्लिपपाशी सेन्सरची वायर लाल चिखलात माखलेली दिसली. वरचं आवरण शाबूत, आतली तार तुटलेली. वाकवली की मल्टिमीटरवर जोड जायचा. डाग देऊन जोडायचा मोह होता, पण तिथेच ती रोज वाकते, म्हणून वायरसकट नवा सेन्सर बसवला. कोड पुसला, पुन्हा चकरा मारल्या, चारही आकडे येत राहिले. चंद्रनाथाच्या त्याच वळणावर आता काही पेटत नाही, आणि उतरताना हिरवा नीट लुकलुकतो.

उजव्या बाजूची क्लिपही सैल वाटतेय. पुढच्या वेळी ती वायर पूर्ण वळवून मोजणार आहे.