टोपण तेच, माप वेगळं

आमचा फरशी पुसायच्या लिक्विडचा ब्रँड चाळीस वर्षांहून जुना. तो माझ्याकडे आला तेव्हा खप दरवर्षी थोडाथोडा उतरत होता, आणि ऑफिसात सगळ्यांचं निदान एकच होतं: जुनी गिऱ्हाइकं सोडून चाललीत. मी आधी पॅनेलचे आकडे काढायला लावले. पॅनेलमध्ये तीच ती घरं वर्षानुवर्षं आपली खरेदी नोंदवत असतात, त्यामुळे कोण गेलं आणि कोण टिकलं हे घराघराने दिसतं. जुनी घरं जवळपास सगळी जागेवर होती. फक्त मुलं बाहेर पडली होती, घरात दोघंच उरली होती आणि बाटली जास्त दिवस पुरत होती. खरी अडचण दुसरीकडे होती. पस्तिशीच्या आतल्या घरांत आम्ही शिरतच नव्हतो.

म्हणजे जुन्यांना मनवायची गरज नव्हती, त्यांना धक्का न लावता नव्यांसाठी दार उघडायचं होतं. बोलायला सोपं.

पॅकला हात लावण्याआधी आम्ही ओळखीची चाचणी केली. ब्रँडचं नाव झाकायचं आणि एकेक गोष्ट सुटी दाखवायची: नुसतं टोपण, नुसता लेबलवरचा तिरका पट्टा, नुसती अक्षरांची वळणं. मग विचारायचं, हे कुणाचं? त्यातून दोन गोष्टी पाहायच्या असतात. किती जणांना आपण आठवलो, आणि ज्यांना आठवलो त्यांनी सोबत आणखी कुणाचं नाव घेतलं का. पहिलं चांगलं आणि दुसरं वाईट असेल तर ती खूण आपली नसते, सगळ्या बाजाराची असते. लोकांच्या ओळखीची खूणच काढून टाकली की काय होतं ते अमेरिकेत ट्रॉपिकानाने 2009 मध्ये पाहिलं. त्यांनी पॅकवरचं स्ट्रॉ खुपसलेलं संत्रं काढून रसाचा पेला छापला, आणि दोनेक महिन्यांत संत्रं परत आणावं लागलं.

आमच्या चाचणीत डिझायनर मंडळींचं लाडकं अक्षरवळण साफ पडलं. ते कुणालाच आठवेना. हिरवं टोपण आणि तिरका पट्टा मात्र पक्के निघाले, तरुणांतसुद्धा. ते विकत घेत नव्हते, पण ‘आईकडे असायची ती बाटली’ एवढं त्यांना पक्कं माहीत होतं. तेव्हा ठरलं: हिरवा रंग आणि पट्टा ठेवायचा, बाकी मोकळीक. नवी बाटली सडपातळ झाली, लहान घरातल्या कपाटात मावेल अशी. मान बारीक, टोपण हिरवंच. मी सही केली आणि स्वतःवर खूशही झालो.

एका भागात आधी चालवून पाहायचं म्हणून माल उतरवला. पहिल्या पंधरवड्यात फोन आले ते ‘ही बाटली बनावट आहे का?’ असे. ते अपेक्षितच होतं. जुन्या पॅकचं छोटं चित्र आणि ‘तेच लिक्विड, नवी बाटली’ असं स्टिकर लावल्यावर ते बरेच कमी झाले. पण महिन्याभरात दुसरीच तक्रार सुरू झाली, आणि ती थांबेना. ‘पातळ केलंत.’ ‘पूर्वीसारखा वास राहत नाही.’ लॅबला बॅच तपासायला लावल्या. लिक्विडमध्ये थेंबाचाही फरक नव्हता.

इथे मी चुकलो, आणि तेही ऐटीत. कोका-कोलाने 2011 मध्ये लाल कॅनऐवजी पांढरे कॅन काढले होते. आत पेय तेच असूनही काही लोक म्हणाले की चव बदलली, आणि कंपनी पुन्हा लालवर आली. मी मीटिंगमध्ये हाच दाखला दिला: पॅक बदललं की जीभही बदलते, नाकही बदलतं, लोकांना सवय होईल, थांबा. सगळ्यांनी माना डोलावल्या. दाखला खरा असला की तो आपल्यालाही लागू आहे असं वाटायला लागतं.

मग ग्राहक सेवेतल्या एका मुलीने माझ्याकडे येऊन सांगितलं, “सर, ‘पातळ’ म्हणणारे सगळे एकच वाक्य बोलतात. ‘मी नेहमीसारखंच घालते, बादलीला एक टोपण.’” मी दोन्ही टोपणं टेबलावर ठेवली आणि औषधाच्या सिरिंजने पाणी भरलं. जुन्यात 20 मिली मावलं, नव्यात 15. बाटलीची मान बारीक केली तेव्हा टोपणही लहान झालं होतं, आणि ते आमच्यापैकी कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. लेबलवर ‘बादलीला 20 मिली’ असं बारीक अक्षरांत छापलेलं होतं, पण वीस-तीस वर्षं वापरणारी माणसं लेबल वाचत नाहीत, हाताने मोजतात. बादलीत पाऊण मात्रा पडत होती. त्यांची तक्रार भास नव्हता. त्यांच्या बादलीतलं लिक्विड खरोखरच पातळ होतं, आणि ते आम्हीच केलं होतं.

आमच्या चाचणीत टोपण लोकांना चित्रात दाखवलं होतं. टोपण हे मापही आहे हे चित्रात दिसत नाही. तेव्हापासून मी कुठल्याही बदलाआधी जुन्या गिऱ्हाइकांच्या घरी जाऊन एक पूर्ण वापर पाहतो, काही न विचारता. प्रश्न विचारले की माणसं बरोबर उत्तर देतात, वापर मात्र सवयीने करतात.

साचा पुन्हा करावा लागला. त्यात वेळ आणि पैसा गेला, आणि मला बोलणी खावी लागली. सडपातळ बाटली राहिली, टोपण उंच होऊन 20 मिलीचं झालं, आणि आत एक रेघ आली. गंमत म्हणजे त्या रेघेचा जास्त उपयोग तरुणांना झाला. किती घालायचं हे त्यांना कुणी दाखवलेलंच नव्हतं. काही जण अंदाजाने भसकन ओतायचे आणि फरशी चिकट झाली म्हणून वैतागायचे.

वासाला मात्र आम्ही हात लावला नाही. जुन्यांना तो झोंबरा वास म्हणजेच स्वच्छतेची खात्री, तरुणांना तोच दवाखान्यासारखा. मधला वास काढला असता तर दोघंही नाराज झाले असते. म्हणून मूळ लिक्विड तसंच ठेवून सौम्य वासाचा दुसरा प्रकार काढला: तीच बाटली, तोच पट्टा, तेच टोपण, फक्त आतल्या लिक्विडचा रंग वेगळा. एजन्सीने त्यासाठी ‘आता आजीचं राहिलं नाही’ अशी ओळ आणली होती. सगळे हसले, मी ती तिथेच काढून टाकली. जी आजी आजही आपला माल विकत घेते, तिच्यावरच विनोद कशाला?

निकाल बघायची घाई मोठी असते. आमची बाटली घरात साधारण सहा आठवडे पुरते, त्यामुळे पहिल्या महिन्याची विक्री म्हणजे नुसती उत्सुकता. निदान दोनदा पुन्हा खरेदी व्हायला हवी, म्हणजे तीन महिने. शिवाय सौम्य प्रकार नवी घरं आणतोय की आमच्याच जुन्या घरांत एका बाटलीच्या जागी दुसरी ठेवतोय, हे एकूण खपावरून कळत नाही. त्यासाठी पुन्हा पॅनेलकडेच जावं लागतं. आमच्याकडे निम्म्याच्या आसपास घरं नवी निघाली. उरलेली आमचीच होती, आणि त्यातल्या बऱ्याच जणांनी मूळ बाटली सोडलीच नव्हती. ती न्हाणीघरात, ही बैठकीच्या खोलीत. हा वापर आम्ही कुठल्याच प्लॅनमध्ये लिहिला नव्हता.