समोरासमोरच्या आरशांतली खुर्ची

दारव्ह्यातले एक सलूनमालक थ्रीडी व्ह्यूचा रंगीत प्रिंट घेऊन माझ्याकडे आले. काम दुसऱ्या कुणीतरी केलेलं होतं आणि ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरची फाइल पेन ड्राइव्हमध्ये होती. दुकान दहा फूट रुंद. दोन्ही लांब भिंतींवर समोरासमोर आरसे दाखवलेले, आणि खुर्च्या पुढच्या आरशापासून तीन फुटांवर. पाठीमागचा आरसा घ्यायचा की नाही, हे त्यांना या चित्रावरून ठरवायचं होतं. गिऱ्हाइकाला मानेवरची कटिंग दिसावी, एवढ्याचसाठी तो आरसा हवा होता.

प्रिंटवर बोट ठेवून ते म्हणाले, "भाऊ, आरशात दरपत्रक सुलटं कसं वाचता येऊन राहिलं? अन् खुर्च्या पाहा, एकामागं एक, सगळ्यायची पाठच. माणसाचं तोंड कुठी हाय?"

ज्याचा दिवस आरशासमोर जातो त्याच्या नजरेतून हे सुटत नाही. फाइल उघडली तेव्हा कारण लगेच दिसलं. भिंतीवर आरसा नव्हताच, नुसती चौकट होती. तिच्यामागे सगळी खोली Array मॉडिफायरनं दहा-दहा फुटांवर पुन्हा पुन्हा मांडलेली. रेंडरचा, म्हणजे फाइलमधून चित्र तयार होण्याचा वेळ वाचवायला काही जण असं करतात. पण अशी नक्कल नुसती सरकवलेली असते, उलटवलेली नसते. म्हणून अक्षरं सुलटी राहतात आणि खुर्ची पाठमोरीच राहते.

खरा आरसा काय दाखवेल, ते मी आधी कागदावर मांडलं. वस्तू आरशासमोर जेवढ्या अंतरावर, तेवढीच तिची प्रतिमा आरशामागे. खुर्ची पुढच्या आरशापासून तीन फुटांवर आहे, म्हणजे पहिली प्रतिमा तीन फूट मागे, आणि तिच्यात माणसाचा चेहरा दिसणार. मागच्या आरशापासून खुर्ची सात फुटांवर आहे. तिथली प्रतिमा त्या आरशाच्या सात फूट पलीकडे, म्हणजे पुढच्या आरशापासून सतरा फुटांवर पडते. पुढचा आरसा तिला सतरा फूट आत दाखवणार, आणि ती पाठमोरी असणार. त्यानंतर तेवीस फुटांवर चेहरा, सदतीस फुटांवर पाठ. अंतरं एकदा चौदा, एकदा सहा अशी आलटून पालटून येतात. फाइलमधल्या नकला मात्र सात, सतरा, सत्तावीस अशा समान अंतरानं होत्या. अक्षरांचंही तसंच आहे: एकदा परावर्तित झालेली पाटी उलटी, दोनदा झालेली सुलटी. समोरासमोरच्या आरशांत एकाच खुर्चीच्या अनेक प्रतिमा दिसणं बरोबरच आहे. प्रश्न त्या कुठे आणि कोणत्या तोंडानं दिसतात हा आहे.

सगळ्या नकला मी काढून टाकल्या आणि दोन्ही भिंतींवर खरे आरसे बसवले: मटेरियल Principled BSDF, Metallic 1, Roughness 0, रंग पूर्ण पांढरा न ठेवता 0.9 च्या आसपास आणि किंचित हिरवट. साध्या काचेत लोहाचा अंश असतो, त्यामुळे प्रत्येक परावर्तनाला प्रतिमा थोडी मंद आणि हिरवी होत जाते, आणि तो उतार दिसला की खोली खरी वाटते. पहिल्या रेंडरमध्ये चार प्रतिमांनंतर आरसा एकदम काळा झाला. ब्लेंडरच्या सायकल्स या रेंडर इंजिनमध्ये Glossy बाउन्स, म्हणजे चकचकीत पृष्ठभागांवरची परावर्तनं, मुळात 4 असतात, पाचवं परावर्तन तो मोजतच नाही. Glossy 10 आणि Total 16 केल्यावर काळा चौकोन गेला. त्यानंतर फक्त आरशाभोवती Ctrl+B नं चौकट आखून तेवढाच भाग पुन्हा रेंडर केला. आमच्याकडे वीज कधी जाईल त्याचा नेम नाही, म्हणून ही सवय मी सोडत नाही.

दहा फुटी दुकानात कॅमेऱ्याला मागे सरायला जागा नसते. अशा वेळी मागची भिंत डिलीट केली की समोरच्या आरशात भिंतीऐवजी करडं आभाळ दिसतं. त्यापेक्षा भिंत आणि तिच्यावरचा आरसा जागच्या जागी ठेवायचा आणि Ray Visibility मधली फक्त Camera ची खूण काढायची. कॅमेऱ्याला भिंत अडत नाही, आरशाला ती दिसत राहते. कॅमेऱ्यामागे ठेवलेला जादा लाइट आरशात पांढऱ्या पाट्यासारखा उमटत असेल, तर त्याची Glossy ची खूण काढावी. पण ही सवलत लाइटपुरतीच ठेवावी. खुर्चीची तीच खूण काढली तर समोर खुर्ची आहे आणि आरशात नाही, असं भुताटकीचं चित्र तयार होतं.

दाराची काच एकाच प्लेनची होती. काचेचं मटेरियल लावलेल्या प्लेनमध्ये किरण आत शिरतो, बाहेर येतच नाही, त्यामुळे दारापलीकडचा रस्ता भरीव काचेत गाडल्यासारखा वाकडा झाला होता. Solidify नं बारा मिलिमीटर जाडी दिली आणि रस्ता सरळ झाला.

काउंटरवरच्या पाण्याच्या ग्लासाला जास्त वेळ लागला. ग्लासात कंगवे ठेवलेले असतात. पाण्याचा पृष्ठभाग आणि काचेची आतली बाजू तंतोतंत एकाच जागी होती, आणि तिथे काळे डाग पडत होते. दोघांत फट ठेवली तर मधल्या हवेच्या थरामुळे चांदीसारखी चकाकी येते, आणि पाणी काचेला टेकलेलं वाटत नाही. म्हणून पाण्याचा आकार काचेच्या जाडीत जरासा घुसवला. पाण्याचा IOR, म्हणजे अपवर्तनांक, 1.33, काचेचा 1.5. आता कंगवा पाण्याच्या पातळीवर मोडल्यासारखा दिसू लागला आणि बुडालेला भाग रुंद झाला. तिरकं वरून पाहिलं तर तोच भाग दोनदा दिसतो, एकदा पाण्याच्या वरच्या बाजूतून आणि एकदा ग्लासाच्या कडेतून. हे दुहेरी दिसणं खरं आहे, ते पुसू नये. Outliner या वस्तूंच्या यादीत कंगवा एकच आहे याची मात्र खात्री करून घ्यावी. Shift+D दाबून Esc केलं तरी कॉपी जागच्या जागी राहते.

शेवटी तयार चित्रावर ताळा घेतला. खुर्चीचा हात, ड्रॉवरची मूठ, पंख्याचा मधला भाग अशा चार-पाच जागा धरल्या आणि प्रत्येक जागेपासून तिच्या पहिल्या प्रतिबिंबापर्यंत रेघ ओढून ती पुढे वाढवली. एका सपाट आरशाच्या अशा सगळ्या रेघा एकाच बिंदूत मिळाल्या पाहिजेत, आणि त्या मिळाल्या.

मग मालकांच्या मूळ प्रश्नासाठी कॅमेरा खुर्चीवरच्या माणसाच्या डोळ्यांपाशी नेला. त्याचं डोकं कॅमेऱ्याला अडू नये म्हणून तीच Camera ची खूण काढली, आरशात ते डोकं होतंच. आणि दिसला फक्त चेहरा. आरसे समांतर असले की मानेची प्रतिमा चेहऱ्याच्या प्रतिमेमागे नेमकी एका रेषेत येते आणि पूर्ण झाकली जाते. मी मालकांना स्क्रीनवर दाखवलं.

"मंग आरसा घेऊन फायदा काय?" त्यांनी विचारलं.

मागचा आरसा वरून पुढे झुकवत गेलो, तशी मानेची प्रतिमा वर सरकत गेली. सहा-सात अंशांवर ती डोक्याच्या वर मोकळी झाली. तीन फूट उंच आरशासाठी याचा अर्थ वरची कड सुमारे सव्वाचार इंच पुढे. मालकांनी तो आकडा प्रिंटच्या पाठीमागे लिहून घेतला आणि काचवाल्याला वरच्या बाजूनं लाकडी पट्टी द्यायला सांगितली.